हळदीतले शिसे आणि बातमीचे पहिले वाक्य

सकाळी ६

माधवनगरात पहाटेच सांगलीकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज सुरू होतो. जानेवारी ते मार्च या दिवसांत त्यांतल्या बऱ्याच गाड्यांवर हळदीची पोती असतात. ओली हळद काढायची, शिजवायची, पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवायची, पॉलिश करून घ्यायची आणि मग सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात सौद्याला लावायची, असा हा हंगाम. हळदीवर काही लिहायचे तर ते याच दिवसांत, कारण वर्षाची हळद भरायला लोक आताच बाहेर पडतात.

आज टेबलावर आहे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेच्या संशोधकांनी डिसेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळमधल्या २३ मोठ्या शहरांतून हळदीचे ३५६ नमुने घेतले आणि त्यांतले शिसे मोजले. रविवारच्या अंकात यावर साधारण पाचशे शब्द द्यायचे आहेत. संध्याकाळी सहापर्यंत कॉपी डेस्कवर जायला हवी.

पहिले वाचन मी चहाबरोबर करतो आणि हातात पेन घेत नाही. शोधनिबंधाला स्वतःचा एक क्रम असतो. आधी कोणी काय शोधले होते, मग नमुने कसे घेतले, मग कोणत्या यंत्रावर मोजले, मग आकडे, आणि अगदी शेवटी या सगळ्याचा अर्थ. दुसऱ्या संशोधकाला हाच क्रम हवा असतो, कारण निष्कर्षावर विश्वास ठेवण्याआधी त्याला पद्धत तपासायची असते. वर्तमानपत्राचा वाचक मात्र पद्धत तपासायला बसलेला नसतो. ‘हे माझ्या घरापर्यंत येते का’ हे त्याला पहिल्या वाक्यात कळले, तरच तो दुसऱ्या वाक्यापर्यंत येतो. म्हणून हा क्रम उलटा करायचा. उलटा करताना पद्धतीतली जी सावधगिरी निष्कर्षाला चिकटलेली असते ती गळून पडता कामा नये, यातच दिवस जातो.

सकाळी ८

दुसऱ्या वाचनात तीन गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवतो.

पहिली: ३५६ पैकी सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिशाचे प्रमाण एका ग्रॅमला २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होते.

दुसरी: भारतातले पाटणा आणि पाकिस्तानातली कराची व पेशावर इथल्या काही नमुन्यांत ते १००० मायक्रोग्रॅमच्याही वर गेले.

तिसरी गोष्ट निबंधात फार शांतपणे सांगितली आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. जास्त शिसे असलेल्या नमुन्यांत शिशाचा एक अणू तर क्रोमियमचाही जवळपास एकच अणू, असे जोडीचे प्रमाण दिसले. शिसे मातीतून किंवा पाण्यातून आले असते तर ही जोडी अशी जमली नसती. लेड क्रोमेट नावाची एक चकचकीत पिवळी भुकटी असते. रंगकामात आणि प्लास्टिकला पिवळा रंग देण्यासाठी ती वापरतात. तिच्या प्रत्येक रेणूत शिशाचा एक आणि क्रोमियमचा एक अणू असतो. म्हणजे हे शिसे शेतात पिकलेले नाही, कोणीतरी रंगासाठी टाकलेले आहे.

इथे मी थांबतो. आकडा मोठा असला की तोच बातमी वाटतो. पण १००० हा आकडा वाचून सांगलीतल्या गृहिणीला काय करता येईल? काहीच नाही. ‘हे टाकले जाते’ यातून मात्र पुढचे सगळे उलगडते: कोण टाकतो, कोणत्या टप्प्यावर, कशासाठी, आणि थांबवता येते का.

सकाळी ९.३०

हळद पॉलिश करून देणाऱ्या ओळखीच्या काकांकडे जाऊन येतो. निबंधात ‘पॉलिशिंग’ असा एक शब्द आहे. तो शब्द डोळ्यांसमोर उभा राहिल्याशिवाय लिहिता येत नाही.

वाळलेले हळकुंड वरून मळकट, खवल्यांचे, मुळांच्या तुसांचे असते. ते मोठ्या लोखंडी ढोलात घालून ढोल फिरवतात. हळकुंडे एकमेकांवर आणि ढोलाच्या जाळीवर घासली जातात, वरची साल झडते आणि खालचा पिवळा रंग उघडा पडतो. शेवटच्या फेरीत बऱ्याच ठिकाणी हळदीचीच पूड ढोलात टाकून रंग चढवतात. ही जुनी आणि उघड पद्धत आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

“रंग आला की दर आला बघा,” काका म्हणाले. “सौद्यात व्यापारी आधी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, पण नजर जाती ती वरच्या रंगावरच.”

मी निबंधाचे सांगितल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, “इथं कोण असलं टाकत असंल तर तो आमच्या सगळ्यांच्याच पोटावर पाय देतोय. पण पेपरात असं लिहू नका की वाचणारा सांगलीच्या हळदीला नाव ठेवंल.”

हे त्यांचे म्हणणे भिडेखातर नव्हे, अचूकतेसाठी वहीत लिहिले. अभ्यास २३ मोठ्या शहरांच्या बाजारांतल्या हळदीचा आहे. सांगलीच्या यार्डातून नमुने घेतलेले नाहीत. ‘सांगली हळद’ या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि जिल्ह्यातल्या हजारो शेतकऱ्यांचा दर त्या नावावर उभा आहे. जो निष्कर्ष इथून काढलेलाच नाही तो इथे चिकटवणे म्हणजे सरळ खोटे लिहिणे.

काकांच्या ढोलापाशी आणखी एक गोष्ट उमगली. हळदीचीच पूड टाकायच्या त्याच क्षणी दुसरी पिवळी भुकटी टाकली, तर वेगळे यंत्र लागत नाही, वेगळा माणूस लागत नाही. फसवणूक नेमकी एका नेहमीच्या पायरीच्या आत बसते. म्हणून ती दिसत नाही. आणि म्हणूनच ती नेमक्या त्या पायरीवर पकडता येते.

सकाळी ११

बांगलादेशाचे निबंध शोधून वाचतो. २०२४ च्या अभ्यासाची मुळे तिकडे आहेत, आणि बातमीचे खरे कारणही तिकडेच सापडते.

तिथल्या ग्रामीण भागातल्या अनेक गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे जास्त सापडत होते, आणि आसपास कारखाना नव्हता. जेना फोर्सिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिशाची समस्थानिके तपासली. शिशाच्या अणूंचे हलके-जड प्रकार प्रत्येक स्रोतात वेगळ्या प्रमाणात असतात. स्त्रियांच्या रक्तातले प्रमाण माती, पत्र्याचे डबे, कीटकनाशके यांच्याशी ताडून पाहिले, आणि ते हळदीशी जुळले. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पॉलिश करणाऱ्यांशी बोलल्यावर कळले की ही प्रथा १९८० च्या दशकातल्या पुरापासून सुरू झाली. ओली होऊन काळवंडलेल्या हळदीला बाजारात गिऱ्हाईक मिळेना, म्हणून पिवळी भुकटी आली, आणि पूर ओसरल्यावरही राहिली.

सांगलीकराला हे कारण समजावून सांगावे लागत नाही. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले तेव्हा भिजलेल्या हळदीचे काय होते ते इथल्या लोकांनी पाहिले आहे. रंग गेलेल्या हळदीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा मोह कळला, तर वाचक हा गुन्हा कुठल्यातरी दूरच्या दुष्टांचा मानत नाही. म्हणून पुराचा हा तपशील बातमीत ठेवायचा असे ठरवतो.

पुढचा भाग मात्र त्याहून मोलाचा. संशोधकांनी निष्कर्ष सरकारकडे नेले, वर्तमानपत्रांनी ते छापले, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भित्तिपत्रके वाटली, आणि ढाक्याच्या श्यामबाजारात हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने हळद तपासून दोन घाऊक व्यापाऱ्यांना दंड केला. ही कारवाई लोकांनी बातम्यांत पाहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये ते शून्यावर आले. हळद दळणाऱ्या, पॉलिश करणाऱ्या कामगारांच्या रक्तातले शिसे मध्यक पाहिला तर ३० टक्क्यांनी उतरले.

याच ओळीवर मी पेन आपटतो. हळदीत शिसे आहे ही निम्मी बातमी झाली. ते दोन वर्षांत थांबवता आले, हा उरलेला निम्मा भाग, आणि वाचकाच्या दृष्टीने अधिक कामाचा. भीती एकटी छापली तर लोक हळद खाणे सोडतात किंवा बातमी विसरतात. उपाय सोबत असला तर प्रश्न विचारायला लागतात.

दुपारी १

जेवणानंतर इंट्रो. इंट्रो म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद. पाचशे शब्दांपैकी हे चाळीस शब्द जमले की उरलेले आपोआप रांगेत येतात.

आधी निबंधाच्याच क्रमाने लिहून काढतो, नुसता कच्चा माल म्हणून:

‘अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण आशियातील चार देशांच्या २३ शहरांतून गोळा केलेल्या हळदीच्या ३५६ नमुन्यांच्या तपासणीत सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिशाचे प्रमाण प्रति ग्रॅम २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आढळले.’

एकही शब्द चुकीचा नाही. पण विद्यापीठ, देश, शहरे, नमुने, टक्के, मायक्रोग्रॅम ही सगळी गर्दी ओलांडल्याशिवाय शिसे वाईट का हे कळत नाही, आणि तेही वाचकाला आधीच ठाऊक असेल असे गृहीत धरले आहे.

दुसरा प्रयत्न, डेस्कवर सहज खपेल असा:

‘सावधान! तुमच्या स्वयंपाकघरातील हळदीत विष.’

हे छापणे म्हणजे ज्या हळदीत काही सापडलेले नाही तिच्यावरही आरोप. खोडले.

तिसरा:

‘बाजारातील दर सात हळदींपैकी एकीत शिसे.’

हा फसवा आहे, कारण तो खऱ्यासारखा दिसतो. १४ टक्के म्हणजे सातात एक, हिशेब बरोबर. पण ते नमुने काही ठरावीक शहरांतले आहेत, आणि २ मायक्रोग्रॅम ही कायद्याने घातलेली मर्यादा नाही. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत हळदीसाठी मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे. सातात एक हळद बेकायदा, असे वाचक समजेल आणि ते खरे नाही.

तिन्ही कागद बाजूला ठेवून स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या निष्कर्षाने नुकसान कोणाचे होते, आणि उद्या कोणाच्या हातात काही बदलणे आहे? नुकसान सर्वांत जास्त लहान मुलाचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, आणि तोंडावाटे गेलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. बाई गरोदर राहिली की हाडातले हे जुने शिसे सुटून बाळापर्यंत जाते. आणि बदलणे आहे ते ढोल चालवणाऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या, तपासणी अधिकाऱ्याच्या आणि हळद विकत घेणाऱ्याच्या हातात.

मग हे उतरते:

‘लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला कायमची इजा करणारे शिसे काही शहरांतल्या हळदीत सापडले आहे. ते शेतातून आलेले नाही, रंग खुलवण्यासाठी टाकलेल्या पिवळ्या भुकटीतून आले आहे. म्हणूनच ते थांबवता येते. बांगलादेशाने दोन वर्षांत थांबवून दाखवले.’

विद्यापीठाचे नाव नाही, एकही टक्का नाही. का महत्त्वाचे, कुठून येते, काय करता येते, हे चार वाक्यांत. ‘काही शहरांतल्या’ हे दोन शब्द पहिल्याच वाक्यात ठेवले, कारण मर्यादा तिसऱ्या परिच्छेदात ढकलली की पहिला परिच्छेद एकटाच फिरतो. लोक बातमीचा वरचा तुकडा कापून मोबाइलवर पुढे पाठवतात. तो तुकडा एकटा वाचला तरी खरा राहिला पाहिजे.

दुसऱ्या परिच्छेदात लगेच अभ्यास कोणी केला, कुठे, किती नमुने, आणि ‘या अभ्यासात सांगलीच्या बाजारातील नमुने नव्हते’ हे वाक्य. वाचकाला कारण पटले की तो पुरावा मागतो. तेव्हा तो तिथेच हजर हवा.

दुपारी ३

आता आकडे स्वयंपाकघरात आणायचे. मायक्रोग्रॅम हा शब्द बातमीत एकदाच येऊ देतो, नंतर वजन असे मांडतो की ते तागडीत दिसावे.

लेड क्रोमेटच्या वजनात जवळपास ६४ टक्के शिसे असते. एका ग्रॅमला १००० मायक्रोग्रॅम म्हणजे किलोभर हळदीत एक ग्रॅम शिसे. त्यासाठी किलोला दीड ग्रॅमच्या आसपास भुकटी पुरते. किलोभर हळकुंडांवर दीड ग्रॅम, हे वाचले की भेसळ डोळ्यांना का दिसत नाही हे कोणालाही कळते.

पुढचा हिशेब मुलाचा. आमटी-भाजीतून दिवसाला पाव ग्रॅम हळद पोटात जाते असे धरू. एका ग्रॅमला १००० च्या हळदीतून त्याला २५० मायक्रोग्रॅम शिसे मिळेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांसाठी धरलेली दिवसाची संदर्भ पातळी २.२ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे शंभर पटींहून जास्त, आणि ते फक्त हळदीतून. आपल्या कायद्याच्या १० च्या मर्यादेवरची हळद घेतली तर हाच हिशेब २.५ वर येतो, त्या संदर्भ पातळीच्या किंचित वर.

हा शेवटचा आकडा छापावा का, यावर बराच वेळ जातो. एक मर्यादा पदार्थाची आहे, दुसरी दिवसभरात पोटात जाणाऱ्या एकूण शिशाची. दोन्ही शेजारी ठेवले तर ‘कायद्यातली हळदही घातक’ असा अर्थ घाईने निघेल. बातमीच्या मुख्य भागातून तो काढतो आणि चौकटीत घेतो, तिथे दोन्ही मर्यादा काय मोजतात हे एकेका वाक्यात सांगायला जागा आहे. खरा आकडा लपवायचा नाही, पण समजावायला जागा नसेल तिथे तो टाकायचाही नाही.

दुपारी ४.३०

शेजारच्या काकूंना बातमी वाचून दाखवतो. त्या शिकलेल्या आहेत, हळद त्या दरवर्षी हळकुंडे घेऊन कांडपावर दळून आणतात, आणि ऐकून घेताना हो-हो करत नाहीत.

पहिला परिच्छेद संपताच त्यांनी विचारले, “म्हणजे घरी ओळखायचं कसं?”

हा प्रश्न यावा म्हणूनच वाचून दाखवतो. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घरगुती चाचणी दिली आहे: अख्खे हळकुंड पेलाभर पाण्यात टाका, रंग लावलेला असेल तर पाणी लगेच गडद पिवळे होते. ती बातमीत घेतली. तिच्यापुढे लगेच हेही लिहिले की ही चाचणी भरपूर रंग लावलेले हळकुंड दाखवते, थोडे शिसे दाखवत नाही, आणि दळलेल्या पुडीसाठी तिचा उपयोग नाही. पाणी स्वच्छ राहिले म्हणून हळद निर्दोष ठरत नाही. नक्की उत्तर प्रयोगशाळा देते.

“मग घेताना काय बघू?” काकूंचा दुसरा प्रश्न. भुकटी पॉलिशच्या वेळी चढते, म्हणून साल न काढलेले, मळकट दिसणारे हळकुंड जास्त भरवशाचे. काकू म्हणाल्या, “मी इतकी वर्षं चकचकीतच निवडून घेत आलेय की रे.”

त्यांच्या या वाक्याने बातमीचा शेवट बदलला. आधी शेवटी संशोधकांच्या शिफारशी होत्या. आता तिथे विकत घेणाऱ्याची निवड आली. दर रंगावर ठरतो तो गिऱ्हाईक रंग मागते म्हणून, आणि रंग मागणे कमी झाले तर भुकटी टाकायचे कारणच उरत नाही.

संध्याकाळी ६

कॉपी गेली. डेस्कवरच्या ताईंचा फोन. मथळा त्यांनी ‘हळदीत शिसे’ असा धरला होता, दोन कॉलमांत छान बसतो म्हणून. मी ‘हळदीतले शिसे शेतातले नव्हे, रंगातले’ असा सुचवला. त्यांनी अक्षरे मोजली, एक ओळ वाढत होती. ताई जागेच्या बाबतीत कडक आहेत, पण मथळा वाचून शेतकऱ्याचा फोन आला तर काय उत्तर द्यायचे, एवढेच मी विचारले. त्यांनी फोटो थोडा लहान केला.

त्यांनी सुचवलेला एक बदल मी लगेच मानला. ‘लेड क्रोमेट’ हे नाव माझ्या कॉपीत चौथ्या परिच्छेदात आले होते. त्यांनी ते दुसऱ्यात आणले, कारण अन्न निरीक्षकाला किंवा पॉलिशवाल्याला कामाचे नाव तेच आहे. ‘पिवळी भुकटी’ म्हटल्याने घरातल्याला कळते, पण तपासणाऱ्याला नेमके नाव लागते.

रात्री ८.३०

पानाची प्रत मोबाइलवर आली. आकडे पुन्हा निबंधाशी ताडून पाहिले: ३५६, २३, १४ टक्के, ४७ वरून शून्य, ३० टक्के. चौकटीत दोन्ही मर्यादा आहेत. दुसऱ्या परिच्छेदात सांगलीचे नमुने नव्हते हे वाक्य शाबूत आहे. जागा कमी पडली की अशीच वाक्ये आधी कापली जातात, म्हणून तेच सर्वांत आधी शोधले. पान सोडायला होकार कळवला.

रविवारी ते छापून येईल. तोवर जे वाचक यंदाची हळद भरायला यार्डात किंवा दुकानात जाणार असतील, आणि ज्यांच्या घरी लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, त्यांना एवढेच सांगणे आहे: चकचकीत पिवळे हळकुंड निवडू नका, साल असलेले मागा, आणि दळलेली पूड घेणार असाल तर शिशाची तपासणी झाली आहे का हे दुकानदाराला विचारा.